फिल्टर बबल खरंच आहे का? एका जुन्या भागाची दुरुस्ती

आजचा भाग जरा वेगळा आहे, कारण आज मला माझंच एक वाक्य मागे घ्यायचंय. निदान अर्धं तरी.

झालं असं, की काही महिन्यांपूर्वीच्या एका भागात मी बोलता बोलता म्हणून गेलो होतो, ‘अल्गोरिदम आपल्याला आपल्याच मतांच्या फुग्यात कोंडतो आणि म्हणून घराघरांत भांडणं लागतात.’ वाक्य छान होतं. दोघातिघांनी त्याची स्टोरीसुद्धा टाकली. मग एका श्रोत्याचा मेल आला. त्यात नमस्कार नाही, कौतुक नाही, फक्त एक प्रश्न: ‘हे कशावरून?’

उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की माझ्याकडे उत्तरच नाहीये. ऐकलेलं एक भाषण, पाहिलेली एक डॉक्युमेंटरी आणि दिवाळीत मामाशी झालेलं भांडण, एवढाच माझा पुरावा. मामाला मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, ‘मामा, तू बबलमध्ये आहेस. तुला दुसरी बाजू दिसतच नाही.’ त्यानंतर फॅमिली ग्रुपवर त्याने मला उत्तर देणं बंद केलं, ते अजून बंदच आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता अभ्यासाचा राहिला नाही. मी चुकत असेन, तर घरातल्या एका माणसावर मी पुराव्याशिवाय शिक्का मारला होता.

मग एकेक करून मूळ संशोधनं वाचायला घेतली. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ‘फिल्टर बबल’ हा शब्द एली पॅरिसर या अमेरिकन कार्यकर्त्याने २०११ च्या त्याच्या पुस्तकातून लोकप्रिय केला. त्यात दोष यंत्राचा आहे. तुम्ही काय क्लिक करता ते बघून यंत्र तुमच्यासाठी निवड करतं आणि काय गाळलं ते तुम्हाला कळतही नाही. ‘एको चेंबर’ म्हणजे आपलाच आवाज घुमून परत येणारी खोली. ही कल्पना कास सनस्टीन या कायद्याच्या प्राध्यापकाने २००१ मध्ये, म्हणजे फेसबुक जन्मायच्याही आधी मांडली होती. तिथे निवड माणूसच करतो. आपल्यासारखी माणसं, आपल्यासारखी वर्तमानपत्रं, आपल्यासारख्या वेबसाईट. हा फरक महत्त्वाचा का, तर दोष यंत्राचा असेल तर यंत्र बदलून भागेल. दोष आपल्या निवडीचा असेल, तर यंत्र बदलून काही होणार नाही.

आता पॅरिसरचं गाजलेलं उदाहरण घेऊ. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपी कंपनीच्या विहिरीतून प्रचंड तेलगळती झाली होती. त्या सुमारास त्याने आपल्या दोन मैत्रिणींना गूगलवर ‘बीपी’ हा शब्द शोधायला सांगितला. एकीला गुंतवणुकीची माहिती दिसली, दुसरीला तेलगळतीच्या बातम्या. ऐकणारा थक्क होतो, मीही झालो होतो. पण थांबा. दोन माणसं, एक शब्द, एक वेळ. यावरून प्रश्न विचारता येतो, उत्तर मिळत नाही.

कारण दोन फोनवर वेगळे निकाल दिसायला पन्नास कारणं असू शकतात. एकाने सकाळी शोधलं, दुसऱ्याने पाच मिनिटांनी. एक पार्ल्यात बसलाय, दुसरा कोल्हापुरात. कंपनी त्या क्षणी एखादा नवा बदल निम्म्या लोकांवर तपासून बघत असेल. यातलं काहीच ‘तुमच्या मतांनुसार’ झालेलं नाही.

हे नीट मोजलं बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी, २०१३ मध्ये. त्यांची युक्ती मला फार आवडली. त्यांनी दोनशे खऱ्या माणसांच्या गूगल खात्यांवरून ठरावीक शब्द शोधले. प्रत्येक शोधासोबत त्याच क्षणी दोन कोऱ्या ओळखींवरून, म्हणजे ज्यांना काही भूतकाळच नाही अशांवरून, तोच शब्द शोधला. आता बघा, त्या दोन कोऱ्या शोधांत जो फरक येईल तो नुसता गोंगाट, कारण तिथे गूगलला कुणाबद्दल काहीच माहीत नाही. खऱ्या माणसाच्या निकालात त्यापेक्षा जितका जास्त फरक असेल, तेवढंच खरं वैयक्तिकीकरण. असं मोजल्यावर तो फरक सरासरी ११.७ टक्के निघाला. म्हणजे शंभर निकालांमागे बाराएक. त्यामागची ठळक कारणं दोनच सापडली: तुम्ही लॉग-इन आहात का, आणि तुम्ही कुठे आहात. राजकीय कल वगैरे बाजूलाच राहिला. वडापाव शोधला तर आपल्याच गल्लीतला दाखवणारं गूगल, एवढीच बहुतेक वेळा त्याची मजल.

हे २०१३ चं आहे, हे खरं. आणि सर्च म्हणजे काही फीड नव्हे. तिथे आपण प्रश्न घेऊन जातो. फीड मात्र आपल्यासमोर आपोआप वाढलेलं ताट. तर आता ताटाकडे वळू.

फेसबुकवरचा पहिला मोठा अभ्यास २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. करणारे तिघंही फेसबुकशी जोडलेलेच होते, हे आधी सांगून टाकतो. ज्यांनी प्रोफाईलवर आपला राजकीय कल स्वतः लिहिला होता, अशा अमेरिकेतल्या सुमारे एक कोटी लोकांचा डेटा त्यांनी बघितला. मग बातमी आपल्यापर्यंत येते त्या वाटेवर, चाळण्या लावाव्यात तशा, तीन ठिकाणी मोजमाप केलं.

पहिली चाळण म्हणजे मित्र. कल लिहिलेल्या मित्रांमध्ये विरुद्ध बाजूचा सरासरी पाचातला एकच. म्हणजे अल्गोरिदमने हात लावायच्या आधीच ताटात आपल्या चवीचं जास्त. दुसरी चाळण अल्गोरिदमची. त्याने विरुद्ध बाजूच्या बातम्या आणखी थोड्या खाली ढकलल्या: उदारमतवादी लोकांसाठी सुमारे ८ टक्के, परंपरावादी लोकांसाठी सुमारे ५ टक्के. तिसरी चाळण आपलं बोट. समोर आलेल्या बातमीवर क्लिक करताना उदारमतवाद्यांनी विरुद्ध बाजू सुमारे ६ टक्के कमी निवडली, परंपरावाद्यांनी १७ टक्के.

तेव्हा काहींनी मथळे दिले, ‘अल्गोरिदम निर्दोष, दोष तुमचाच.’ तेही फार झालं. एक तर अल्गोरिदमची चाळण लहान असली तरी शून्य नव्हती. दुसरं, प्रोफाईलवर राजकीय कल लिहिणारी माणसं मुळात थोडी आणि राजकारणात जरा जास्तच रस असणारी. तुमच्यापैकी कितीजणांनी लिहिलाय, सांगा बरं? आणि तिसरं, अल्गोरिदम शिकतो कुणाकडून, तर आपल्याच बोटाकडून. त्यामुळे दुसरी आणि तिसरी चाळण पूर्ण वेगळी करताच येत नाही.

पण इथपर्यंत आपण फक्त ‘काय दिसतं’ एवढंच बोललो. माझं वाक्य त्यापुढचं होतं. मी म्हणालो होतो, ‘आणि म्हणून भांडणं लागतात.’ हा ‘म्हणून’ तपासायचा तर नुसतं निरीक्षण पुरत नाही. प्रत्यक्ष फीड बदलून बघावं लागतं.

ते एकदा झालंय, आणि आजच्या भागाचा गाभा तोच आहे.

२०२० च्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी मेटाचे कर्मचारी आणि बाहेरच्या विद्यापीठांतले संशोधक यांनी मिळून काही प्रयोग केले. त्यातला एक २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. त्याचे पहिले लेखक ब्रेंडन नायहान. त्यांनी आधी साधा प्रश्न विचारला: फेसबुक वापरणाऱ्या सामान्य अमेरिकन माणसाच्या फीडमध्ये त्याच्याच बाजूच्या लोकांकडून, पेजकडून, ग्रुपकडून किती येतं? मधोमध बसणाऱ्या माणसासाठी उत्तर आलं ५०.४ टक्के. म्हणजे निम्मं. उरलेलं काही विरुद्ध बाजूचं, काही धड इकडचं ना तिकडचं. ज्यांच्या फीडमध्ये तीन चतुर्थांशापेक्षा जास्त आपल्याच बाजूचं होतं, असे लोक पाचातला एक.

यात एक गंमत लक्षात ठेवा. ‘आपल्या बाजूचा’ म्हणजे माणूस आपल्या बाजूचा, पोस्ट नव्हे. माझ्याच मताच्या मित्राने लग्नाचे फोटो टाकले तरी ते या निम्म्यात मोजले गेले. राजकारणाविषयीच्या पोस्ट एकूण पाहिलेल्यात शंभरात सुमारे सातच होत्या. आणि हे ऐन निवडणुकीच्या धामधुमीत!

मग प्रयोग. स्वतःहून संमती दिलेल्या २३,३७७ लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाचं फीड जसंच्या तसं ठेवलं. दुसऱ्या गटात आपल्याच बाजूच्या लोकांकडून येणारं सगळं साधारण एक तृतीयांशाने कमी केलं. सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, तीन महिने. काय बदललंय हे त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माणूस सावध होतो आणि प्रयोग बिघडतो.

फीड खरंच बदललं. विरुद्ध बाजूचं प्रमाण वाढलं, शिवराळ भाषेच्या पोस्ट कमी झाल्या. मग प्रश्नावलीतून आठ गोष्टी मोजल्या. विरुद्ध पक्षाबद्दलचा राग, मतांचा टोकदारपणा, उमेदवारांबद्दलचं मत, खोट्या दाव्यांवरचा विश्वास, अशा. कुठली आठ मोजायची, हे आकडे बघण्याआधीच लेखी जाहीर करून ठेवलं होतं, म्हणजे नंतर सोयीचं तेवढं निवडायला वाव नको.

आठच्या आठ जागी दोन्ही गटांत फरक सापडला नाही. फरक असलाच, तर फार छोटा.

मी हा भाग दोनदा वाचला. माझं वाक्य खरं असतं, तर फुग्याला तीन महिने सुई लावल्यावर थोडी तरी हवा गेली असती की. गेली नाही. उलट एक छोटी गोष्ट दिसली, ती मला फार माणसासारखी वाटली. ज्यांच्या फीडमधून आपल्या बाजूचं कमी केलं, ते उरलेल्या आपल्या बाजूच्या पोस्टना आधीपेक्षा जास्त दराने लाईक-कमेंट करू लागले. डाएटवर ठेवलेला माणूस समोर आलेला एकुलता एक लाडू कसा निगुतीने खातो, तसं.

त्याच मालिकेतला दुसरा प्रयोगही सांगायला हवा, कारण आपल्यातले बरेच जण तोच उपाय सुचवतात: ‘अल्गोरिदम काढा, जुन्यासारखं नवीन पोस्ट वर आणि जुनी पोस्ट खाली असं करा.’ त्यांनी तेही करून बघितलं. लोक ॲपवर कमी वेळ घालवू लागले, हे झालं. पण राजकीय पोस्ट वाढल्या आणि ज्यांच्यावर विश्वास ठेवू नये अशा ठिकाणांहून येणारा मजकूरही वाढला. मतं मात्र जागच्या जागी.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मेटा सुटली की! नाही हो. इथे जरा सावकाश जाऊ, कारण याच अभ्यासावरून उलट्या दिशेचे दावेही फिरतात.

तीन महिने म्हणजे तीन महिने. चाळीस वर्षांच्या माणसाचं राजकीय मत वीस वर्षांत घडलेलं असतं, ते नव्वद दिवसांत हललं नाही म्हणून त्या वीस वर्षांत फीडचा हात नव्हताच, असं सिद्ध होत नाही. शिवाय फीड एका माणसाचं बदललं, पण त्याच्या भोवतीची माणसं, टीव्ही, नेते सगळे तसेच. समजा अल्गोरिदममुळे नेतेच जास्त भडक बोलायला शिकले असतील, तर तो परिणाम या प्रयोगात पकडलाच जाणार नाही. आणि एक मोठी अडचण २०२४ मध्ये पुढे आली. दुसऱ्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये पत्र लिहून दाखवून दिलं, की अल्गोरिदम काढण्याचा तो प्रयोग चालू असताना मेटाने निवडणुकीसाठी तातडीचे बदल केले होते आणि त्यामुळे फीडमधल्या अविश्वसनीय बातम्या त्या काळात कमी झाल्या होत्या. म्हणजे ज्या ‘नेहमीच्या’ अल्गोरिदमशी तुलना केली, तो नेहमीचा नव्हताच. पाहुणे येणार म्हणून घर आवरलेलं, आणि मोजमाप त्याच दिवशी.

तर या प्रयोगांवरून एवढंच ठामपणे म्हणता येतं: आपल्या बाजूचं थोडं कमी दाखवणं किंवा फीडचा क्रम बदलणं, या गोष्टींनी काही महिन्यांत मोठ्या माणसांची मतं बदलत नाहीत.

बरं, आपल्या बाजूचं कमी करण्याऐवजी समोरची बाजू थेट पुढ्यात ठेवली तर? याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना काटतात.

पहिलं २०१८ चं, ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. ट्विटर वापरणाऱ्या काही डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन लोकांना ११ डॉलर देऊन महिनाभर एक बॉट फॉलो करायला सांगितलं. तो बॉट रोज विरुद्ध बाजूच्या नेत्यांचे, भाष्यकारांचे, संस्थांचे संदेश रीट्वीट करायचा. महिन्याने रिपब्लिकन लोक आणखी परंपरावादी झालेले आढळले. डेमोक्रॅट किंचित उदारमतवादी बाजूला सरकले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. थोडक्यात, खिडकी उघडली आणि आतल्या माणसाने पडदा घट्ट ओढून घेतला.

दुसरं उत्तर रोई लेवी यांचं, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं. त्यांनी फेसबुकवर लोकांना विरुद्ध बाजूच्या वृत्तसंस्थांची पेज लाईक करण्याचं आमंत्रण दिलं. करायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. इथे राजकीय मतं बदलली नाहीत, पण समोरच्या पक्षाच्या लोकांबद्दलचा राग थोडा कमी झाला. माझ्या मते फरक बहुधा इथे आहे, की एकीकडे नेत्यांचं ओरडणं पुढ्यात आलं आणि दुसरीकडे बातम्या, त्याही स्वतः हो म्हणून घेतलेल्या. पण हा माझा अंदाज. दोन प्रयोगांत प्लॅटफॉर्म वेगळा, माणसं वेगळी, त्यामुळे पैजेवर सांगू नये.

लेवींच्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अल्गोरिदमच्या विरोधात जाते. विरुद्ध बाजूचं पेज तुम्ही स्वतः लाईक केलंत, तरी फेसबुक त्याच्या पोस्ट तुम्हाला कमी दाखवत होतं. आपल्या बाजूच्या पेजच्या पोस्ट मात्र जास्त. म्हणजे चाळण आहे. पॅरिसर अगदीच हवेत बोलत नव्हता. फक्त ती चाळण म्हणजे कुलूपबंद खोली, हे सिद्ध होत नाही.

मग एको चेंबरमध्ये खरंच कुणी राहतं का? राहतं. २०२२ च्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने तोवरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. ब्रिटनपुरतं बोलायचं तर ऑनलाईन बातम्यांसाठी फक्त आपल्याच राजकीय बाजूच्या ठिकाणी जाणारे लोक सहा ते आठ टक्के, असं त्यात म्हटलं होतं. अमेरिकेत हे प्रमाण जास्त आहे. ही माणसं थोडी असली तरी बोलतात खूप, शेअर खूप करतात. म्हणून आपल्याला वाटतं की सगळेच तसे. लग्नाच्या हॉलमध्ये दोनशे माणसं जेवत असतात, पण लक्षात राहतो तो मोठ्याने बोलणारा एकच टेबल.

आता मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला अभ्यास. तो बोस्नियाचा आहे.

१९९५ मध्ये सर्ब सैन्याने स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. दर जुलैमध्ये त्याचा स्मृतिदिन असतो आणि त्या आठवड्यात फेसबुकवर जुन्या जखमा उघड्या पडतात. २०१९ मध्ये नेजला आसिमोविच आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना त्या आठवड्यापुरतं फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. त्यांचा अंदाज साधा होता, तुमचा-माझा असता तसाच: आगीपासून दूर राहिलं की मन निवेल, दुसऱ्या समाजाबद्दलची कटुता कमी होईल.

झालं उलटं. फेसबुक बंद ठेवलेल्यांचं दुसऱ्या वांशिक गटांबद्दलचं मत, चालू ठेवलेल्यांपेक्षा वाईट निघालं. आणि हे विशेषकरून कुणाच्या बाबतीत? ज्यांच्या आजूबाजूला प्रत्यक्षात आपल्याच गटाची वस्ती होती, त्यांच्या बाबतीत. म्हणजे ॲप बंद केल्यावर माणूस जिथे परत गेला, ती खरी खोली होती: गल्ली, नातेवाईक, कट्टा. फेसबुकवर निदान कुणीतरी पलीकडचा अधूनमधून दिसायचा. इथे तोही नाही.

लगेच यावरून ‘फेसबुक चांगलं’ असं लिहून मोकळे होऊ नका. अमेरिकेत २०१८ मध्ये असाच प्रयोग चार आठवडे केला होता, तिथे फेसबुक बंद ठेवलेल्यांची धोरणांवरची मतं थोडी कमी टोकाची झाली. देश वेगळा, परिस्थिती वेगळी, निकाल वेगळा. मला त्यातून एवढं कळलं, की ‘फोनच्या तुलनेत काय?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय फोनला दोष देता येत नाही.

आपल्याकडचं काय? खरं सांगायचं तर वरचं जवळपास सगळं अमेरिकेचं आहे, दोन पक्षांच्या देशाचं. ते उचलून आपल्याला लावायला मी कचरतो. आणि आपली बरीचशी भांडणं जिथे होतात, त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पोस्ट निवडणारा अल्गोरिदमच नाही. ज्या क्रमाने आलं, त्या क्रमाने दिसतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्याआधी तशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्यात ‘फिल्टर बबल’ कुठे बसवाल? यंत्राने काही गाळलं नव्हतं, काही निवडलं नव्हतं. ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या माणसांना पाठवलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. म्हणजे उपायही फीडचा नव्हता, वेगाचा होता. त्या ग्रुपमध्ये काय चालतं ते संशोधकांना बाहेरून दिसत नाही, कारण मेसेज एन्क्रिप्टेड असतात. लोकांनी स्वतःहून दाखवलं तरच.

तर आता मामा.

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्याला फोन केला. ग्रुपवर नाही, थेट. म्हटलं, ‘मामा, एक प्रयोग करायचाय, तुझा फोन लागेल.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘ये रविवारी.’

मी गेलो. एकाच दुपारी दोघांच्या फीडमधल्या पहिल्या दोनशे पोस्ट मोजल्या, वहीत चार रकाने करून: माझ्या बाजूचं, समोरच्या बाजूचं, राजकीय पण कुठल्याच बाजूचं नाही, आणि बाकी. आधी ठरवून टाकलं की कुठली पोस्ट कुठल्या रकान्यात, कारण मोजताना नियम बदलायचा मोह होतो. मला तर झालाच. जाहिरातीही ‘बाकी’त.

माझ्या दोनशेंत राजकीय निघाल्या अकरा. त्यातल्या समोरच्या बाजूच्या दोन. बाकी क्रिकेट, मांजरी, पुण्यातले कॅफे. मामाच्या दोनशेंत राजकीय अडतीस, त्यातल्या समोरच्या बाजूच्या, म्हणजे माझ्या बाजूच्या, पंधरा. तो ती पेज मुद्दाम फॉलो करतो. वाचतो आणि चिडतो. ‘तुमचे लोक काय म्हणतात ते कळायला नको का?’ असं त्याचं म्हणणं. म्हणजे दुसरी बाजू न दिसणारा कोण होता, तर ज्याने दिवाळीत भाषण दिलं तो.

दोन माणसं, एक दुपार. पॅरिसरच्या दोन मैत्रिणींवर मी वर जी टीका केली, ती मलाही लागू आहे, त्यामुळे याला पुरावा म्हणू नका. तुम्हाला करून बघायचं असेल तर एकाऐवजी तीन वेगळ्या दिवशी मोजा, आणि रकाने भरताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. रकान्यांवरून वाद होतो. आमचा एका व्यंगचित्रावरून वीस मिनिटं झाला. ते कुणाच्या बाजूचं आहे, हेच ठरेना. शेवटी त्याला ‘कुठल्याच बाजूचं नाही’ या रकान्यात टाकलं आणि मामीने चहा आणला.

मी त्याला सॉरी म्हणालो. त्याने विचारलं, ‘मग मला दोन्ही बाजू दिसतात, तर आपलं पटत का नाही?’ याचं उत्तर वाचलेल्या एकाही अभ्यासात नव्हतं. तसंच सांगितलं त्याला.

त्या मेलला मी या भागाची लिंक पाठवतोय. पुढच्या भागात यूट्यूबच्या शिफारशींकडे बघू, त्यावरचं संशोधन वेगळ्या पद्धतीचं आहे. तुम्ही दोनशे पोस्ट मोजल्यात तर आकडे जरूर कळवा, आणि ‘बाकी’च्या रकान्यात सगळ्यात जास्त काय निघालं तेही. भेटूच.